मुळात नसलेला शब्द

प्रकाशनसंस्थेच्या संपादकाकडून अनुवादकाला जाणारं पत्र सहसा गोडीगुलाबीनेच सुरू होतं. स. न. वि. वि., अनुवाद ओघवता झाला आहे, वाचताना आनंद वाटला, दोन-चार किरकोळ शंका सोबत जोडल्या आहेत. अनुभवी अनुवादक ‘किरकोळ’ हा शब्द दिसला की सावरून बसतो. पहिल्या दोन शंका खरोखरच किरकोळ असतात; कुठे ऱ्हस्व-दीर्घ, कुठे गावाच्या नावाचा उच्चार. तिसरी साधारण अशी असते : ‘मूळ इंग्रजीत तिच्या अंकलने फी भरली एवढंच आहे. आपण “मामाने बिचाऱ्याने फी भरली” असं केलं आहे. मामा समजला. बिचारा कुठून आला?’

वाक्य नमुन्यादाखल रचलेलं आहे, पण प्रश्न अनुवादाच्या कामात नेहमीचा. त्या छोट्या वाक्यात अनुवादकाने खरं तर दोन गोष्टी पदरच्या घातल्या आहेत. इंग्रजी अंकल काका असतो, मामा असतो, मावशीचा किंवा आत्याचा नवराही असतो. मराठीला यातलं एक नातं निवडल्याशिवाय पुढे जाता येत नाही. म्हणून ‘मामा’बद्दल संपादक एवढंच विचारतो, की हा आईचा भाऊ आहे असं पुस्तकात कुठे कळतं का? कळत नसेल तर लेखकाला विचारून घेऊ. ‘बिचाऱ्याने’चं तसं नाही. त्याच्यावाचून मराठीचं काहीच अडत नव्हतं. फी भरणाऱ्या माणसाची कीव निवेदक करत नाही, अनुवादक करतो आहे.

यावर अनुवादकाचं उत्तर ठरलेलं : ‘मराठीत नुसतं कोरडं वाटतं हो.’ संपादकाचं प्रत्युत्तरही ठरलेलं, की मुळातही ते कोरडंच आहे.

हे पत्र लिहिण्याआधी तो शब्द सापडावा लागतो, आणि तीच खरी अडचण आहे. गाळलेलं वाक्य दोन प्रती शेजारी ठेवल्या की लक्षात येतं. घातलेला शब्द मराठीच्या ओघात मुरून जातो. उलट त्याच्यामुळेच वाक्य गोड लागतं. शिवाय पुस्तक कोरियन किंवा पोलिश असेल तर संपादकाला ती भाषा यायची शक्यता कमीच. मग तो दुसऱ्या भाषेतल्या अनुवादाशी ताडून पाहतो, किंवा मूळ भाषा जाणणाऱ्या कुणाला तरी मधली काही पानं दाखवतो. काही खुणा मराठी वाचतानाही दिसतात. एरवी अलिप्त असलेला निवेदक अचानक ‘अक्षरशः’, ‘चक्क’, ‘हळुवारपणे’ म्हणू लागला, किंवा वेगवेगळ्या स्वभावाची पात्रं एकाच लाडक्या क्रियाविशेषणाने बोलू लागली, की संपादक मूळ प्रत उघडतो. आणि मराठीत तर अख्ख्या शब्दाचीही गरज नसते. एकट्या ‘च’ने काम होतं. ‘तो म्हणाला’ आणि ‘तोच म्हणाला’ यांत एका अक्षराचा फरक, पण खटल्यात साक्ष उलटू शकेल एवढा.

हे वेळेत हाती लागलं नाही तर काय होतं, हे हान कांग यांच्या ‘द व्हेजिटेरियन’ने दाखवलं. डेबोरा स्मिथ यांचा इंग्रजी अनुवाद २०१५ साली आला, २०१६ साली त्याला मॅन बुकर आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि त्यानंतर कोरियन जाणणाऱ्या वाचकांनी दोन्ही पुस्तकं समोरासमोर ठेवली. साध्या चुका निघाल्याच, पण त्याहून जास्त चर्चा झाली ती सुराची : मूळ गद्य मोजकं आणि शांत, तर इंग्रजीत विशेषणं-क्रियाविशेषणं घालून ते भारदस्त झालेलं. लेखिकेने अनुवाद आधी वाचला होता आणि ती त्यावर खूश होती. त्यामुळे वाद मिटला मात्र नाही.

अशा शंकेला अनुवादकाने दिलेलं सगळ्यात गाजलेलं उत्तर मात्र जवळजवळ पाचशे वर्षांपूर्वीचं आहे, आणि तेही एका शब्दासाठी.

मार्टिन ल्यूथरने बायबलचा नवा करार ग्रीकमधून जर्मनमध्ये आणला तो वार्टबुर्गच्या किल्ल्यात लपून राहिलेला असताना, अवघ्या काही आठवड्यांत. सप्टेंबर १५२२ मध्ये विटेनबर्गला तो छापून निघाला. त्यात रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात अठ्ठाविसावं वचन आहे. त्याचा आशय असा, की माणूस नीतिमान ठरतो तो नियमशास्त्रातल्या कर्मांवाचून, विश्वासाने. ल्यूथरच्या जर्मनमध्ये मात्र ‘केवळ विश्वासाने’ असं आलं. ‘आलाइन’, म्हणजे केवळ, हा शब्द ग्रीकमध्ये नाही आणि चर्चमध्ये शतकानुशतकं वाचल्या जाणाऱ्या लॅटिन पाठातही नाही. एरवी कुणी कानाडोळा केला असता, पण त्या काळच्या युरोपात भांडण नेमकं याच मुद्द्यावर पेटलं होतं : माणसाचा उद्धार श्रद्धेने होतो, की श्रद्धेच्या जोडीला सत्कर्मंही लागतात? विरोधकांना आयतंच कोलीत मिळालं. देवाच्या शब्दात हा माणूस आपला शब्द घुसडतो!

१५३० साली ल्यूथर कोबुर्गच्या गढीत होता. आउग्सबुर्गला साम्राज्याची सभा चालू होती, पण तो बहिष्कृत असल्याने त्याला तिथे जाता येत नव्हतं. तिथूनच त्याने सप्टेंबरमध्ये अनुवादाविषयीचं एक खुलं पत्र लिहिलं, ते न्यूरेम्बर्गहून छापून प्रसिद्ध झालं. पत्र एका मित्राच्या विचारणेला उत्तर म्हणून लिहिलेलं आहे. हा मित्र खरा की सोयीसाठी कल्पिलेला, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. त्याची शंका मात्र संपादकीय आहे : मुळात नसलेला शब्द का घातलात?

उत्तराचा पहिला भाग निव्वळ तोऱ्याचा आहे. विरोधकांना सांगून टाका, डॉक्टर ल्यूथरला तसं हवं आहे, बस. आजच्या अनुवादकाने असं उत्तर पाठवलं तर पुढचं पुस्तक मिळायचं नाही. पण शिव्याशाप देऊन झाल्यावर ल्यूथर कामाचं बोलू लागतो. ती चार अक्षरं, लॅटिनमधला ‘सोला’, मुळात नाहीत हे मलाही ठाऊक आहे, असं तो कबूल करतो. मग सांगतो की जर्मन माणूस दोन गोष्टींपैकी एक स्वीकारून दुसरी नाकारतो, तेव्हा नकाराच्या जोडीला ‘केवळ’ म्हणतो. शेतकऱ्याने धान्य आणलं आणि पैसे आणले नाहीत, हे सांगताना तो ‘केवळ धान्य आणतो, पैसे नाही’ असंच बोलतो. लॅटिन आणि ग्रीकची तशी रीत नाही. आणि जर्मन कसं बोलावं हे लॅटिनच्या अक्षरांना विचारायचं नसतं. घरातल्या आईला, गल्लीतल्या पोरांना, बाजारातल्या साध्या माणसाला विचारायचं.

मराठी वाचकाला हे चटकन पटतं. आपणही ‘धान्यच आणलंय, पैसे नाही आणले’ असंच म्हणतो. ‘च’ काढला तर वाक्य चुकत नाही, पण जोर पडत नाही. ल्यूथरचा भाषेचा कान पक्का होता यात शंका नाही. याच पत्रात तो सांगतो, की ईयोबाच्या पुस्तकावर काम करताना सहकाऱ्यांसह चार दिवसांत जेमतेम तीन ओळी व्हायच्या, आणि एकेका शब्दाच्या शोधात दोन-दोन, चार-चार आठवडे गेले.

इथवर थांबला असता तर संपादकाने फाइल मिटली असती. पण ल्यूथर पुढे दुसरं कारण देतो : मी केवळ भाषेच्या चालीखातर हे केलेलं नाही, पौलाचा अर्थच हा शब्द मागतो. आणि पुढे आणखी एक पायरी चढतो. ‘सर्व’ नियमांच्या ‘सर्व’ कर्मांवाचून, असंही घालायला हवं होतं, असं त्याला आता वाटतं.

चाणाक्ष संपादक पेन्सिल उचलतो ती इथे. पहिलं कारण भाषेचं आहे आणि ते पानावर तपासता येतं. गलतीकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात जवळजवळ हाच विचार येतो, आणि तिथे ल्यूथरने ‘केवळ’ घातलेला नाही. का? त्या वाक्याची घडणच ‘कर्मांनी नव्हे, तर विश्वासाने’ अशी आहे. विरोध त्या ‘नव्हे, तर’नेच उभा राहतो आणि वेगळा जोर लागत नाही. म्हणजे भाषेचं कारण इथे टिकतं. दुसरं कारण मात्र अर्थाचं. ते मान्य करायचं तर पौलाच्या एका वाक्याचा नव्हे, सगळ्या पत्रांचा निवाडा करावा लागतो, आणि तो निवाडा अनुवादक वाचकाच्या वतीने परस्पर करून मोकळा होतो. शिवाय बायबलमध्ये ‘विश्वास’ आणि ‘केवळ’ हे दोन शब्द खरोखर जोडीने येतात ते याकोबाच्या पत्रात, आणि तिथे वाक्य नकारार्थी आहे : माणूस केवळ विश्वासाने नव्हे, तर कर्मांनीही नीतिमान ठरतो. जर्मन वाचकाने ही दोन वाक्यं शेजारी ठेवली तर त्याला मूळ ग्रीकमध्ये नसलेला थेट शाब्दिक विरोध दिसतो. घातलेल्या शब्दाचे परिणाम असे दुसऱ्या पानावर उमटतात, म्हणून संपादकाला एका ओळीची शंका काढतानाही सगळं पुस्तक डोळ्यांसमोर ठेवावं लागतं.

ल्यूथरच्या उत्तरातली अडचण अशी, की दोन्ही कारणं एकाच शब्दाच्या पाठीशी उभी आहेत. त्यामुळे शब्द भाषेने मागितला की मताने, हे वेगळं काढता येत नाही. ‘आमच्या भाषेत असंच म्हणतात’ हे कारण बहुतेक वेळा खरं असतं, आणि म्हणूनच मत आत न्यायला ते सगळ्यात सोयीचं वाहन ठरतं. चांगलं संपादकीय पत्र त्यामुळे ‘हा शब्द काढा’ असं सांगत नाही. शब्द काढून वाक्य वाचून पाहा आणि काय बिघडतं ते कळवा, असं विचारतं. व्याकरण किंवा ओघ बिघडत असेल तर शब्द राहतो. सूर बिघडत असेल तर मूळ लेखकाचा सूर कोणता यावर बोलणं होतं. काहीच बिघडत नसेल तर ‘बिचारा’ जातो.

बायबलच्या इतर अनुवादकांनी वेगळी वाट धरली होती. १५६० च्या इंग्रजी जिनिव्हा बायबलमध्ये अर्थासाठी घातलेले शब्द तिरक्या अक्षरांत छापले, १६११ च्या किंग जेम्स आवृत्तीतही ते वेगळ्या टायपात आले. वाचकाला पाहुणा शब्द ओळखता येतो. कादंबरीत हे चालत नाही. दर पानावर तिरके शब्द दिसले तर गोष्टीत जीव रमायचा नाही. तिथे तळटीप किंवा अनुवादकाचं मनोगत एवढेच मार्ग उरतात, आणि तेही ज्या शब्दांवर वाद होऊ शकतो त्यांच्यापुरतेच. जर्मनीत आजही दोन्ही पाठ चालतात : ल्यूथर बायबलच्या २०१७ च्या सुधारित आवृत्तीत ‘आलाइन’ कायम आहे, आणि कॅथलिक चर्च वापरत असलेल्या प्रमाण जर्मन अनुवादात तो नाही.