छापखान्यास दुरुस्त चित्र पाठविताना लिहावयाचे पत्र

शाळेच्या वार्षिक अंकातील मजकुराची प्रुफे शिक्षक काळजीपूर्वक तपासतात. ऱ्हस्व-दीर्घाच्या व जोडाक्षरांच्या चुका ते समासात खुणा करून दाखवितात आणि छापखान्यातील जुळणी करणारा त्या सुधारतो. चित्रातील चूक मात्र अशा खुणेने सुधारत नाही. चित्र ही शाळेकडून आलेली एक अखंड फाईल असते. तिच्यातील अक्षर अस्पष्ट असले तर मूळ अक्षर कोणते होते हे छापखान्यास ठाऊक नसते, आणि ठाऊक असले तरी त्या फाईलमधून ते पुन्हा उमटविता येत नाही. म्हणून शाळेने दुरुस्त फाईल तयार करून पाठवावी लागते, व जुनी काढून नवी घालावी अशी विनंती करणारे पत्र तिच्यासोबत द्यावे लागते. हे पत्र मोघम असेल तर जुनेच चित्र छापले जाण्याचा संभव राहतो. ते कसे लिहावे हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल.

एक प्रसंग कल्पावा. इयत्ता पाचवीच्या विद्यार्थिनीने आपल्या गावाचा नकाशा काळ्या शाईने काढला. कागदावर तो 24 सें.मी. रुंद व 18 सें.मी. उंच होता. खाली प्रमाण लिहिले होते : ‘1 सें.मी. = 50 मीटर’. शिक्षकांनी भ्रमणध्वनीवर त्याचे छायाचित्र घेऊन ते व्हॉट्सॲपवरून छापखान्याकडे धाडले. अंकाच्या 11व्या पानावर नकाशास 16 सें.मी. रुंदीची जागा होती. प्रूफ हाती आले तेव्हा त्यात दोन दोष आढळले. ‘भोईवाडा’ हे वस्तीचे नाव ‘मोईवाडा’ असे वाचले जात होते, आणि नकाशाचे प्रमाण खोटे ठरले होते. नकाशा काढणारी मुलगी त्याच वस्तीत राहणारी. आपल्या वाडीचे नाव तिने अचूक लिहिले होते. ते बिघडले वाटेत.

पहिल्या दोषाचे कारण असे. व्हॉट्सॲपवर चित्र ‘फोटो’ म्हणून पाठविले असता ते लहान केले जाते व त्यातील बारकावे गाळले जातात. छापखान्यास मिळालेली फाईल 1280 बिंदू रुंद व 960 बिंदू उंच एवढीच होती. 16 सें.मी. म्हणजे सुमारे 6.3 इंच. 1280 बिंदू 6.3 इंचांत पसरले म्हणजे दर इंचास सुमारे 203 बिंदू पडतात. छायाचित्रासाठी दर इंचास 300 बिंदू असावेत असा छापखान्यांचा प्रघात आहे. रेषांच्या व अक्षरांच्या चित्रास 600 किंवा त्याहून अधिक लागतात. कारण छायाचित्रात छटा हळूहळू बदलतात, परंतु रेषेची कड एकदम काळ्यातून पांढऱ्यात जाते. देवनागरीत तर ‘भ’ व ‘म’, ‘ध’ व ‘घ’ यांमधील भेद केवळ लहानशा वळणात असतो. बिंदू अपुरे पडले की प्रथम ते वळण नाहीसे होते.

दुसरा दोष फाईलचा नसून आकाराचा आहे. 24 सें.मी.चा नकाशा 16 सें.मी.मध्ये बसविला, पण गावातील अंतर तेच राहिले. मूळ नकाशावरील 1200 मीटर आता 16 सें.मी.मध्ये मावले, म्हणजे प्रमाण 1 सें.मी.ला 75 मीटर झाले. खाली लिहिलेले ‘50 मीटर’ हे शब्द मात्र तसेच राहिले. कोणी विद्यार्थी मोजपट्टी लावून शाळेपासून विहिरीचे अंतर काढू लागला तर त्याचे उत्तर एकतृतीयांशाने कमी येईल. यावर उपाय शब्दांऐवजी प्रमाणपट्टी काढण्याचा. मूळ कागदावर 4 सें.मी. लांबीची पट्टी काढून तिच्यावर ‘200 मीटर’ लिहिले म्हणजे नकाशा लहान होईल तशी पट्टीही लहान होते व प्रमाण खरेच राहते.

दुरुस्ती नेहमी मूळ चित्रावर करावी. छापखान्याकडे गेलेल्या फाईलवर करू नये. या प्रसंगी लिहिलेल्या प्रमाणावर पांढऱ्या कागदाची चिठ्ठी चिकटवून तिच्यावर विद्यार्थिनीकडूनच प्रमाणपट्टी काढून घ्यावी. मग नकाशा स्कॅनरवर ठेवून दर इंचास 600 बिंदू या मापाने, केवळ काळा-पांढरा या प्रकारात उतरवावा. अशी फाईल 5669 बिंदू रुंद व 4252 बिंदू उंच येते, आणि 16 सें.मी.मध्ये बसविल्यावर दर इंचास 900 बिंदू पडतात. काळा-पांढरा हा प्रकार घेण्याचे कारण असे की करड्या छटांचे चित्र छापताना सूक्ष्म ठिपक्यांत फोडले जाते आणि रेषांच्या कडा दातेरी होतात. मात्र या प्रकारात पेन्सिलीची फिकट छटा एक तर पुसली जाते किंवा एकदम काळी होते. म्हणून नकाशात छटा असतील तर त्या आधी शाईच्या तिरप्या रेषांनी किंवा ठिपक्यांनी भरून घ्याव्यात. तयार फाईल TIFF किंवा PNG या प्रकारात ठेवावी. JPG प्रकारात ती प्रत्येक वेळी जतन करताना थोडी थोडी बिघडते.

आता पत्र. त्याचा नमुना पुढीलप्रमाणे :

प्रति,
व्यवस्थापक, मुद्रणालय यांस,

विषय : शालेय वार्षिक अंक, पान 11 वरील नकाशाची फाईल बदलण्याबाबत.

स. न. वि. वि.

आपण पाठविलेली प्रुफे मिळाली. पान 11 वरील गावाच्या नकाशात दोन चुका आहेत. ‘भोईवाडा’ हे नाव अस्पष्ट आहे आणि खाली लिहिलेले प्रमाण आकार लहान झाल्यामुळे चुकीचे ठरले आहे. दोन्ही चुका शाळेकडून गेलेल्या फाईलमधील आहेत.

दुरुस्त फाईल सोबतच्या पेन ड्राइव्हवर देत आहे.
नवी फाईल : pan11-nakasha-02.tif (5669 × 4252 बिंदू, काळा-पांढरा)
रद्द करावयाची फाईल : IMG-20240112-WA0007.jpg

नकाशाची छापील रुंदी पूर्वीप्रमाणेच 16 सें.मी. ठेवावी. चित्राच्या कडा कापू नयेत. चित्राखालील ओळ व पानावरील इतर मजकूर बरोबर असून त्यात बदल नाही.

या पानाची प्लेट अद्याप झाली नसल्यास नवी फाईल स्वीकारून पान 11 चे कागदी प्रूफ मूळ आकारात द्यावे, ही विनंती. प्लेट झाली असल्यास नव्या प्लेटचा खर्च शाळा देईल. तो किती येईल ते काम सुरू करण्यापूर्वी कळवावे. आमची सही असलेले प्रूफ मिळेपर्यंत हे पान छापू नये.

कळावे, लोभ असावा.
आपला,
(सही)
अंक-प्रमुख शिक्षक

या पत्रातील काही वाक्यांचे प्रयोजन ध्यानात घेण्याजोगे आहे. दोन्ही फाईलींची नावे दिली आहेत, कारण छापखान्यातील संगणकावर पानातील चित्र फाईलच्या नावाने जोडलेले असते. दुरुस्त फाईल जुन्याच नावाने पाठविल्यास दोन सारख्या नावांच्या फाईली जमतात व कोणती खरी हे कोणासच सांगता येत नाही. नवे नाव, त्यात पानाचा क्रमांक व आवृत्तीचा अंक असला की हा घोटाळा टळतो. ‘शेवटची’, ‘अगदी शेवटची’ अशी नावे देऊ नयेत; त्यांच्यानंतरही आणखी एक निघते. अँड्रॉइड भ्रमणध्वनीवर व्हॉट्सॲपवरून आलेल्या चित्राच्या नावात WA ही अक्षरे असतात. तेवढ्यावरून ती फाईल मूळ नव्हे हे शिक्षकासही ओळखता येते.

बिंदूंची संख्या लिहिल्यामुळे फाईल वाटेत लहान झाली आहे काय हे छापखान्यास उघडताक्षणीच पडताळता येते. फाईल पेन ड्राइव्हने अथवा ई-मेलला जोडून द्यावी. व्हॉट्सॲपवरूनच पाठविणे भाग असेल तर ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी, म्हणजे ती आहे तशी पोचते. काय बदलले नाही हे सांगणेही तितकेच अगत्याचे आहे. तसे न सांगितल्यास जुळणी करणारा संपूर्ण पान पुन्हा हाताळतो आणि एक चूक सुधारताना दुसरी शिरते.

खर्चाचे वाक्य अनेक शिक्षक संकोचाने गाळतात. तसे करू नये. ऑफसेट छपाईत एक पान सुटे छापले जात नाही. यंत्राच्या आकाराप्रमाणे चार किंवा आठ पाने एका प्लेटवर मांडलेली असतात. त्यामुळे एका पानातील चित्र बदलावयाचे तर ती संपूर्ण प्लेट नवी करावी लागते. पान एकरंगी असेल तर एक प्लेट बदलते. चौरंगी असेल तर सामान्यतः चारही बदलतात. चूक शाळेची असताना खर्च छापखान्याने सोसावा अशी अपेक्षा पत्रात डोकावली तर ते पत्र बाजूला पडण्याचा संभव अधिक. छपाईच होऊन गेली असेल तर तो सर्व ताव पुन्हा छापण्याचा खर्च बहुधा शाळेस पेलत नाही. अशा वेळी अंकात लहानसे शुद्धिपत्र घालून वस्तीचे खरे नाव व खरे प्रमाण द्यावे. त्या मुलीस व तिच्या वाडीतील वाचकांस तेवढे देणे शाळेवर असतेच.

नवे प्रूफ आल्यावर ते भ्रमणध्वनीच्या पडद्यावर पाहून सही करू नये. पडद्यावर चित्र हवे तेवढे मोठे करता येते, कागदावर ते येत नाही. कागदी प्रूफ घेऊन दोन गोष्टी पाहाव्यात. प्रथम मोजपट्टी लावावी. मूळची 4 सें.मी.ची प्रमाणपट्टी आता सुमारे 2 सें.मी. 7 मि.मी. भरली पाहिजे. 4 सें.मी.च भरली तर चित्र लहान न करता बसविले असून कडा कापल्या गेल्या असाव्यात. नंतर ज्याने नकाशा पूर्वी पाहिलेला नाही अशा मुलास तो वाचावयास द्यावा. गाव जाणणाऱ्या शिक्षकाचा डोळा ‘मोईवाडा’ पाहूनही ‘भोईवाडा’ वाचतो. परक्याचा डोळा जे छापले आहे तेच वाचतो. त्या मुलाने वाडीचे नाव न अडखळता बरोबर वाचले की प्रुफावर दिनांकासह सही करावी व त्याची एक प्रत शाळेच्या दप्तरी ठेवावी.