सर्वांत थोडक्यात म्हणजे किती थोडक्यात? (लेखांक ६)

मागच्या लेखांकात माहिती बिटमध्ये कशी मोजतात ते पाहिलं. आज त्याच्या पुढचा प्रश्न घेऊ. एखादी अंकांची ओळ कमीत कमी किती अक्षरांत सांगता येईल?

सुरुवात आपल्याच रेल्वेमार्गावर करू. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांचा जन्म १९०५ साली डहाणूचा. डहाणू तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होतं, पालघर जिल्हा झाला २०१४ साली. कापरेकर ठाण्यात शिकले, पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये गेले आणि पुढे १९३० ते १९६२ देवळालीत शाळामास्तर होते. ६१७४ ही त्यांची प्रसिद्ध संख्या. त्यांनी आणखी एका कुळातल्या संख्यांना ‘डेम्लो संख्या’ असं नाव दिलं. डेम्लो म्हणजे तेव्हाच्या जी.आय.पी. रेल्वेवरचं, मुंबईपासून तीस मैलांवरचं स्टेशन, आजचं डोंबिवली. कल्पना त्यांना तिथे सुचली. आसनगावहून किंवा कसाऱ्याहून रोज लोकलने जाणाऱ्यांना आज डोंबिवलीच्या फलाटावर उभं राहायला जागा सुचली तरी पुष्कळ.

या कुळातल्या सर्वांत देखण्या संख्या म्हणजे नुसत्या एककांच्या संख्यांचे वर्ग. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, आणि नऊ एककांच्या संख्येचा १२३४५६७८९८७६५४३२१. ही शेवटची संख्या १७ अंकी आहे. पायथनमध्ये ती अशी छापता येते:

```python
print((10**9//9)**2)
```

ही आज्ञा २० अक्षरांची आहे, म्हणजे तिने जे छापलं त्यापेक्षा लांब. फायदा झालाच नाही. आता 9 ऐवजी 1000 लिहा, पण फक्त पहिल्या ठिकाणी: `print((10**1000//9)**2)`. आज्ञा तीन अक्षरांनी वाढून २३ अक्षरांची झाली आणि उत्तर आलं १९९९ अंकी. दहा एककांपासून हातचे येऊ लागतात, त्यामुळे चढउताराचं ते रूप थोडं बिघडतं, पण त्याने आपलं काही अडत नाही. १९९९ अंक २३ अक्षरांत मावले, एवढं पुरे.

एखादी ओळ छापून थांबणाऱ्या सर्वांत छोट्या प्रोग्रामची लांबी म्हणजे त्या ओळीची वर्णनलांबी. ही कल्पना १९६० च्या दशकात तिघांना स्वतंत्रपणे सुचली: अमेरिकेत रे सोलोमोनॉफ, मॉस्कोत आंद्रेई कोल्मोगोरोव आणि न्यूयॉर्कमध्ये तेव्हा कॉलेजात शिकणारा ग्रेगरी चैतिन. पायथनऐवजी दुसरी भाषा घेतली तर लांबी बदलेल, हे खरं. पण एका भाषेतला प्रोग्राम दुसरीत चालवणारा दुभाषा एकदाच लिहावा लागतो आणि त्याची लांबी ठरलेली असते. ओळ लांब असली की तो फरक किरकोळ ठरतो.

सगळ्याच ओळी अशा आटोपशीर सांगता येतात का? याचं उत्तर मोजणीत आहे, आणि मोजणी अगदी साधी आहे.

शहापूर किंवा मुरबाडमधल्या एखाद्या पर्जन्यमापकाची नोंदवही घ्या. हवामान खात्याच्या व्याख्येप्रमाणे २.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस झाला की तो पावसाचा दिवस. त्या दिवसाला १ लिहू, कोरड्या दिवसाला ०. आधी फक्त तीन दिवस पाहू. त्यांच्या ओळी आठ होतात: ०००, ००१, ०१० अशा १११ पर्यंत. या आठही ओळींना तीनपेक्षा कमी चिन्हांचं सांकेतिक वर्णन द्यायचं आहे. अशी वर्णनं किती उपलब्ध आहेत? कोरा कागद हे एक, एकेका चिन्हाची दोन आणि दोन चिन्हांची चार. एकूण सात. ओळी आठ आणि वर्णनं सात. एका वर्णनातून एकच ओळ निघते, त्यामुळे एक ओळ तरी उरणारच. संकेत कितीही हुशारीने बसवा, हा हिशेब चुकवता येत नाही.

आता जून ते सप्टेंबरचे पूर्ण १२२ दिवस घ्या. संभाव्य ओळी २ चा १२२ वा घात, म्हणजे ३७ अंकी संख्या. त्यांपैकी किती ओळींचं वर्णन निदान १० चिन्हांनी छोटं होईल? असं वर्णन जास्तीत जास्त ११२ चिन्हांचं हवं, आणि कोऱ्या कागदापासून ११२ पर्यंतची सगळी वर्णनं मिळून २ च्या ११३ व्या घातापेक्षा एकाने कमी भरतात. भागाकार केला तर हे प्रमाण ५१२ मध्ये एक एवढंही पूर्ण भरत नाही. निदान २० चिन्हं वाचवायची म्हटली तर पाच लाखांत एक. म्हणजे जवळजवळ सगळ्या ओळी न दाबता येणाऱ्या आहेत, आणि डेम्लोसारख्या आटोपशीर ओळी हा दुर्मीळ अपवाद.

मग पावसाची खरी ओळ कशी असेल? समजा एका मोसमात १२२ पैकी २० दिवस कोरडे गेले. १२२ मधून २० दिवस निवडण्याचे जेवढे प्रकार आहेत ते सगळे क्रमाने मांडले आणि आपली ओळ त्या यादीत कितवी हे सांगितलं, तर त्या क्रमांकाला ७६ बिट लागतात. कोरडे दिवस किती हे आधी सांगायला ७ बिट. एकूण ८३, म्हणजे ३९ वाचले. ‘हे ८३ बिट कसे वाचायचे’ हा नियमही कुठेतरी लिहावा लागेल. एकाच मोसमासाठी तो महाग पडेल, पण शंभर मोसमांच्या नोंदवहीला तोच नियम पुरतो. हीच युक्ती १२२ वेळा नाणं उडवून केलेल्या ओळीवर करून पाहा. छापा आणि काटा ६१-६१ आले तर क्रमांकालाच ११९ बिट लागतात, वर ७, म्हणजे १२६. सरळ उतरवून काढण्यापेक्षा चार जास्त! जुलैचा आपल्याकडचा पाऊस नाण्यासारखा वागत नाही म्हणून तो दाबला जातो.

पण ८३ ही त्या ओळीची वर्णनलांबी झाली का? नाही. ती फक्त वरची मर्यादा आहे. पावसाचे दिवस सलग येतात, जूनच्या सुरुवातीला आणि सप्टेंबरअखेर कोरडे जास्त असतात, हे वापरलं तर कदाचित ७० होईल. त्याच्याही खाली? इथे गोष्ट अडते, आणि ती आपल्या अडाणीपणामुळे अडत नाही.

साधा उपाय सुचतो: छोट्यापासून मोठ्यापर्यंत सगळे प्रोग्राम एकेक करून चालवून पाहावेत, आपली ओळ पहिल्यांदा छापेल तो सर्वांत छोटा. अडचण अशी की काही प्रोग्राम थांबतच नाहीत. एक प्रोग्राम विषम परिपूर्ण संख्या शोधत बसला आहे आणि ती सापडली की आपली ओळ छापणार आहे, असं समजा. ६ आणि २८ या परिपूर्ण संख्या, कारण स्वतःला सोडून उरलेल्या भाजकांची बेरीज तेवढीच येते. पण विषम परिपूर्ण संख्या आहे की नाही हे आजवर कुणाला माहीत नाही. मग त्या प्रोग्रामची वाट किती दिवस पाहायची?

कुणी म्हणेल, चालवून न पाहता दुसरी एखादी रीत असेल. तीही नाही, आणि हे सिद्ध करता येतं. समजा कुणी `K` नावाचं फलन लिहून आणलं. ओळ द्यावी आणि त्याने तिची वर्णनलांबी अक्षरांत अचूक सांगावी. ते लिहायला त्याला पाच लाख अक्षरं लागली असं धरू. त्याच्याखाली आपण एवढंच जोडायचं:

```python
from itertools import product

n = 1
while True:
    for t in product("01", repeat=n):
        s = "".join(t)
        if K(s) > 1000000:
            print(s)
            raise SystemExit
    n = n + 1
```

हा प्रोग्राम छोट्या ओळींपासून सुरुवात करून प्रत्येकीची वर्णनलांबी विचारतो आणि दहा लाखांहून जास्त वर्णनलांबीची पहिली ओळ भेटली की ती छापून थांबतो. अशी ओळ त्याला नक्की भेटेल, कारण दहा लाख अक्षरांपर्यंतचे प्रोग्राम कितीही असले तरी मोजके आहेत आणि ओळी अनंत आहेत. आता जोडलेला मजकूर मोजा. तो सुमारे दोनशे अक्षरांचा आहे. `K` धरून सगळं मिळून पाच लाख दोनशेच्या आसपास. म्हणजे जी ओळ दहा लाखांपेक्षा कमी अक्षरांत छापताच येत नाही असं `K` सांगतं, ती आपण पाच लाखांच्या थोड्या वर छापून दाखवली. तेव्हा असं `K` असूच शकत नाही. कुणी वीस लाख अक्षरांचं आणलं तर आपण दहा लाखांच्या जागी एक कोटी लिहू. त्यासाठी एकच शून्य वाढवावं लागतं.

या युक्तीचं मूळ जुनं आहे. ‘दहा शब्दांत सांगता न येणारी सर्वांत लहान संख्या’ हे वाक्य घ्या. त्यात शब्द आठच आहेत, आणि त्या आठ शब्दांनी ती संख्या सांगून टाकली. ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात काम करणाऱ्या जी. जी. बेरीच्या नावाने हा विरोधाभास बर्ट्रांड रसेलने १९०८ साली छापला. मराठीत ‘सांगणे’ म्हणजे नेमकं काय हे ठरलेलं नसल्याने ती गंमतच राहते. प्रोग्रामच्या बाबतीत ‘छापून थांबणे’ याला नेमका अर्थ आहे, म्हणून तिथे पक्का निष्कर्ष निघतो.

व्यवहारात काय करता येतं? वरून खाली येता येतं. नवा छोटा प्रोग्राम सापडला की मर्यादा खाली सरकते, पण तळ लागला का हे सांगणारी रीत नाही. झिप करून फाइल छोटी होत नाही म्हणजे ती दाबताच येत नाही, असंही समजू नये. २ च्या वर्गमुळाचे दहा लाख अंक फाइलमध्ये भरून झिप करा. प्रत्येक अक्षर दहा अंकांपैकीच एक आहे हे झिपला कळतं, म्हणून फाइल निम्म्याच्या आसपास येते आणि तिथेच अडते. वर्गमूळ काढणारा प्रोग्राम मात्र एक-दोन ओळींचा असतो. झिप पुन्हा आलेल्या तुकड्यांवर आणि अक्षरांच्या वारंवारतेवर चालतं. वर्गमूळ ही कल्पना त्याच्याकडे नाही.

चैतिनने १९७४ साली याच्याही पुढची पायरी मांडली. गणिताची कोणतीही एक ठरावीक, भरवशाची सिद्धतापद्धती घ्या. तिच्यासाठी एक आकडा असा असतो की ‘या ओळीची वर्णनलांबी त्या आकड्याहून जास्त आहे’ हे तिच्यातून एकाही नेमक्या ओळीबद्दल सिद्ध होत नाही. पुरावा वर दिलेल्यासारखाच आहे. ओळींऐवजी सिद्धता एकेक करून तपासत जायचं, एवढाच बदल. मोजणी सांगते की पुरेशा लांबीच्या जवळजवळ सगळ्या ओळी त्या आकड्याच्या वर असतात. त्यांतली एक बोट ठेवून दाखवा म्हटलं, तर ती पद्धत गप्प बसते.

पुढच्या लेखांकात: न थांबणारे प्रोग्राम आणि ॲलन ट्युरिंगचा १९३६ चा निबंध.