ऑटोपे बंद केलं, करार चालूच!

समजा, 10 जानेवारीला तुम्ही जिममध्ये नाव घातलंत. काउंटरवरच्या मुलाने सांगितलं, महिन्याचे अडीच हजार, पण वर्षाचं घेतलंत तर दीडच हजार. तुम्ही यूपीआय ऑटोपे लावून दिलंत. मेच्या सुरुवातीला दुसऱ्या गावी बदली झाली. फोनमधलं मँडेट रद्द केलंत आणि वाटलं, सुटलो!

सुटला नाहीत. मँडेट म्हणजे पैसे उचलायची बँकेला दिलेली परवानगी. करार म्हणजे बारा महिने पैसे देण्याचा जिमला दिलेला शब्द. पहिली गोष्ट तुम्ही कधीही बंद करू शकता. दुसरी तिच्यासोबत संपत नाही.

चार महिन्यांचे सहा हजार भरून झाले. आता फॉर्मच्या मागच्या बाजूचं बारीक छापलेलं वाक्य पाहा. तिथे उरलेल्या मुदतीची पूर्ण रक्कम मागितली असेल, तर जिम आणखी बारा हजार मागेल. काही ठिकाणी फक्त सवलत परत घेण्याची अट असते, म्हणजे महिना हजार रुपये, चार महिन्यांचे चार हजार. दुसरी अट मला तरी रास्त वाटते. पहिलीत न वापरलेल्या आठ महिन्यांचेही पैसे जातात. करार मोडल्यामुळे झालेल्या नुकसानीच्या मानाने अवाजवी दंड लावणाऱ्या अटीला 2019चा ग्राहक संरक्षण कायदा अनुचित करारात धरतो. मात्र अशी तक्रार जिल्हा आयोगाकडे नव्हे, राज्य आयोगाकडे न्यावी लागते. बारा हजारांसाठी तिथवर कोण जातो? म्हणून आधी जिमशी लेखी बोलावं, मग 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी.

बदली झालीच नाही, असं धरलं तरी दुसरा सापळा आहे, आपोआप होणाऱ्या नूतनीकरणाचा. 'मुदतीच्या तीस दिवस आधी लेखी न कळवल्यास पुढील बारा महिने लागू' असं वाक्य असलं, तर मुदत 9 जानेवारीला संपते, पण तुमची तारीख साधारण 10 डिसेंबरच असते. नाताळात आठवण झाली तर उशीर झालेला असतो.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ऑटोपेची रक्कम कापण्याआधी किमान चोवीस तास सूचना यायला हवी. तो मेसेज आपण जाहिरात समजून सरकवून टाकतो. शिवाय ती सूचना पैसे कापण्याची असते. तोवर करारातली नोटिशीची मुदत केव्हाच उलटून गेलेली असू शकते. ओटीटीचं बहुतेक वेळा सोपं असतं, कारण महिन्याच्या वर्गणीत किमान मुदत सहसा नसते. पण तिथेही नुसतं ॲप काढून टाकल्याने वर्गणी थांबत नाही. ती खात्यात जाऊनच रद्द करावी लागते.

जिमचा फॉर्म घरात असेल तर आज काढा आणि नोटिशीची तारीख कॅलेंडरवर लिहा. सोडायचं ठरलं की ईमेलवर कळवा आणि पोच मागा. काउंटरवरच्या मुलाला तोंडी सांगितलेलं पुढे सिद्ध करता येत नाही. तो मुलगाही तोवर दुसऱ्या जिममध्ये गेलेला असतो.