कडेला चिकटवलेला माणूस

लग्नाच्या ग्रुप फोटोत न आलेल्या काकांना दुसऱ्या फोटोतून कापून रांगेच्या टोकाला उभे केले, की रंग जुळूनही ते उपरे दिसतात. दोष लेन्सचा असतो. बहुतेक लेन्स, विशेषतः मोठ्या ॲपर्चरला, मध्यापेक्षा कोपऱ्यात कमी प्रकाश देतात. वाइड लेन्स कडेच्या सरळ रेषा बाहेर फुगवते. काका मात्र त्यांच्या फोटोत मधोमध होते, म्हणून ते उजळ आणि सरळ आलेले असतात.

आधी मागच्या फोटोतला दोष मोजावा. एकाच रंगाच्या भिंतीचा मध्य आणि कोपरा यांची उजळता ताडून पाहावी. कोपऱ्यात निम्मा प्रकाश असेल, तर तो एक स्टॉपचा फरक. काकांचे एक्स्पोजर बाहेरच्या बाजूला हळूहळू तेवढेच उतरवावे. काळा ब्रश फिरवू नये. त्याने पांढरा सदरा मळकट दिसतो. फुगवटा दाराच्या चौकटीवरून कळतो.

अधिक भरवशाची वाट म्हणजे फोटोशॉपच्या `Lens Correction` मध्ये दोन्ही फोटोंचे दोष आधी काढणे, मग काकांना बसवणे आणि शेवटी हवा असल्यास अंधार व फुगवटा जोडलेल्या पूर्ण चित्रावर एकदमच देणे.

वाइड लेन्समुळे कडेची डोकी ताणली जातात, ते मात्र या दुरुस्तीने जुळत नाही, कारण तो दृष्टिकोनाचा परिणाम आहे. अशा फोटोत काकांना टोकाऐवजी मध्याजवळ जागा द्यावी.