करवल्यांचा हिशेब : पंधरा वर्षांत बदललेलं दरपत्रक

२००९च्या सुमारास मी पुण्यात नवरीच्या मेकअपची कामं घ्यायला लागले, तेव्हा दर विचारला की एकच आकडा सांगायची रीत होती. त्या आकड्यात नवरीचा मेकअप, केस, साडी नेसवणं आणि ‘बरोबर दोघी फुकट’ एवढं सगळं बसायचं. त्या दोघी म्हणजे बहुतेक वेळा नवरीची आई आणि करवली. काकू, मावशी, आत्या आपल्या आपण तयार व्हायच्या. फार तर कुणी तरी दारात येऊन म्हणायची, “ताई, तेवढा पदर लावून द्या हो.” गावातलं कार्यालय, रिक्षाचं भाडं आणि एक मेकअपची पेटी, एवढ्यावर काम भागायचं. त्या काळाला तो एक आकडा पुरेसा होता.

२०१५च्या पुढे चित्र बदललं. फोनवरचे फोटो घराघरांत फिरू लागले, हळदीला एक वेश आणि लग्नाला दुसरा असं सुरू झालं, नवरीच्या मैत्रिणी एका रंगाच्या साड्या ठरवून यायला लागल्या. नवरीबरोबर तयार व्हायचं म्हणणाऱ्या दोघींच्या आठ-दहा झाल्या. दर मात्र जुन्याच पद्धतीने ठरत राहिला: माणशी इतके, आणि जास्त जणी असतील तर सवलत. “अहो, दहा जणी आहोत, काही तरी कमी करा ना,” ही मागणी मला आजही चुकीची वाटत नाही. भाजी असो की साडी, जास्त घेतलं की भाव उतरतो हे आपण लहानपणापासून पाहिलेलं असतं. पण लग्नाच्या सकाळी विकला जातो तो मुहूर्ताआधीचा वेळ, आणि तो वाढवता येत नाही. या वर्षांत माझं दरपत्रक बदलत गेलं ते मुख्यतः याच कारणाने.

वाईतल्या एका लग्नाचा हिशेब मांडते, म्हणजे मुद्दा कळेल. मुहूर्त सकाळी १० वाजून ३५ मिनिटांचा. पुण्याहवाचन साडेसातला, त्याला आई-वडील आणि नवरी तिघंही बसणार. म्हणजे आईची वेळही साडेसातचीच, आणि हे बऱ्याच घरांच्या लक्षात येत नाही. आईला शेवटी ठेवा, ती कामात असते, असं सांगणारे हमखास भेटतात. नवरीला केस, मेकअप, साडी, दागिने धरून अडीच तास लागतात. आईला पाऊण तासाहून थोडा जास्त. बाकी प्रत्येकीला केसांसकट पाऊण तास. या यादीत नवरी आणि आई सोडून आठ जणी होत्या: दोन करवल्या, आत्या, काकू, मावशी आणि तीन मैत्रिणी.

आता माझ्याबरोबर एकच सहायक आहे असं धरा. पावणेपाचला नवरी खुर्चीत बसते आणि सव्वासातला माझ्या हातून सुटते. सहायक पाच ते साडेसहा दोघींना करते, मग आईला घेते. साडेसातला पूजा सुरू झाली की ती पावणेदहापर्यंत आणखी तिघी करू शकते. मी नऊपर्यंत दोघी करते, कारण नवरी पूजेवरून उठली की गौरीहरासाठी तिला पिवळी अष्टपुत्री नेसवायची असते आणि तेव्हा मी तिच्याजवळच हवी. दहानंतर कुणाला खुर्चीत बसवून ठेवण्यात अर्थ नाही, तोवर अक्षता वाटायला सुरुवात झालेली असते. बेरीज सातची होते. आठवी कुठेच बसत नाही. शिवाय ही सातची बेरीजही पहाटे पाच वाजता दोघी उठून बसल्या तरच खरी. रात्री गप्पा रंगल्यावर मैत्रिणी पाचला उठत नाहीत, हा प्रत्येक लग्नातला अनुभव. तसं झालं तर एका सहायकावर पाचच जणी होतात.

म्हणजे आठवीसाठी दुसरी सहायक न्यावी लागते. माणशी अडीच हजार रुपये दर धरू. सात जणींचे साडेसतरा हजार होतात. आठ जणी म्हणून वीस टक्के सूट दिली तर माणशी दोन हजार, एकूण सोळा हजार. काम वाढलं, माणूस वाढलं आणि पैसे दीड हजाराने कमी झाले. वर दुसऱ्या सहायकाची दिवसाची मजुरी तीन हजार, तिचं जेवण आणि झोपण्याची सोय वेगळी. सूट न देताही सामानाचे तीनेकशे रुपये जाऊन आठवीचे उरतात ते तिची मजुरीही भरून काढत नाहीत. हा खर्च जिन्यासारखा आहे: सातव्या बाईपर्यंत सपाट, आठवीला एकदम वरची पायरी, मग पुन्हा बारापर्यंत सपाट. म्हणून सवलत द्यायचीच असेल तर ती पायरी भरल्यावर, बारा जणी असताना देता येते. आठला देता येत नाही. आता मी सहायकाची रक्कम स्वतंत्र ओळीत लिहिते आणि कितव्या बाईपासून दुसरी सहायक लागेल हे आधीच सांगते. बऱ्याच घरी हे ऐकल्यावर आठवीचं नाव आपणहून गळतं, किंवा आणखी तिघी वाढतात. दोन्ही मला चालतं.

प्रवासाची ओळ वेगळी व्हायला टाळेबंदीचा काळ कारणीभूत ठरला. आधी लग्नाला ५० माणसांची मर्यादा आली, आणि एप्रिल २०२१मध्ये तर महाराष्ट्रात २५ माणसं आणि दोन तास एवढ्यातच लग्न उरकायचं होतं. दहा जणींच्या यादीतून तिघी-चौघी उरल्या, पण गाडी तेवढीच धावत होती आणि त्याच वर्षी पेट्रोल शंभरीपार गेलं. माणशी दरात लपलेला प्रवास तेव्हा उघडा पडला. तेव्हापासून आमच्यापैकी अनेकींनी प्रवास माणशी दरातून बाहेर काढला.

पुणे ते वाई जाऊन-येऊन १८० किलोमीटरच्या आसपास. पण बाहेरगावासाठी भाड्याची गाडी घेतली की रोजचे किमान २५० ते ३०० किलोमीटर लावतात. मुक्काम झाला तर दोन दिवसांचे, आणि चालकाचा भत्ता, टोल त्यावर. म्हणून स्वतःची गाडी असेल तर किलोमीटरचा ठरलेला दर दोन्ही बाजूंनी लावणं कुटुंबालाही स्वस्त पडतं. “आमची गाडी पाठवतो” ही सूचना प्रेमाने येते, पण ती गाडी लग्नघरची असते. पहाटे ती हारवाल्याकडे गेलेली असते आणि दुपारी वऱ्हाडाला सोडायला. संध्याकाळचं दुसरं काम असेल तर त्या गाडीवर विसंबून राहता येत नाही. मी नम्रपणे नको म्हणते.

पहाटेचा प्रश्न याहून नाजूक. पावणेपाचला ब्रश हातात घ्यायचा तर चारला पोचून सामान मांडायला हवं. म्हणजे पुण्याहून दीडला निघणं आणि खंबाटकी घाट अंधारात उतरणं. रात्री न झोपलेल्या हाताने डोळ्याची रेघ सरळ येत नाही, आणि तशा अवस्थेत गाडी चालवणं तर धोक्याचंच. त्यामुळे साठ किलोमीटरच्या पलीकडे आणि पाचच्या आधी काम असेल तर आदल्या रात्री मुक्काम, हा माझा नियम झाला. घरचे म्हणतात, कार्यालयातच खोली देतो. त्या खोलीत रात्री एकपर्यंत पाहुणे येत-जात असतात. कुलूप लागणारी, फक्त आमच्यासाठीची खोली असेल तर ठीक, नाही तर लॉजचं भाडं हिशेबात येतं. ज्या खोलीत काम करायचं तिथे चालणारे दोन-तीन प्लग, टेबल आणि चांगला दिवा आहे ना, हेही आदल्या संध्याकाळीच पाहते. कर्लर आणि प्रेस एका प्लगवर लावून फ्यूज उडाला की वीस मिनिटं जातात, आणि ती शेवटच्या बाईच्या वाट्याची असतात. सहाच्या आधीच्या कामाला मी पूर्ण चमूसाठी एक ठरलेली जादा रक्कम घेते आणि त्यातला सहायकांचा वाटा त्यांना देते. हा आकार माणशी लावला तर पहाटे उठणाऱ्या आत्याने जास्त द्यायचे आणि उशिरा उठणाऱ्या मैत्रिणीने कमी, असा उफराटा न्याय होतो.

छोट्या कामांचंही तसंच. “फक्त साडी नेसवा”, “फक्त गजरा माळा” ही कामं पूर्वी कुणी मोजत नसे. पाच साड्यांना सव्वा तास जातो, म्हणजे जवळजवळ दोन बायकांचा मेकअप. पाचच्या वर साड्या असतील तर साडी नेसवणारी वेगळी बाई नेणं कुटुंबालाही परवडतं, कारण तिची मजुरी कमी असते आणि हात माझ्यापेक्षा चपळ. आणखी एक विषय म्हणजे वरमाय. काही घरांत तिचा मेकअप मुलीकडच्यांनी करून द्यायचा असतो, पण तो मान असल्याने यादीत लिहायला कुणी धजत नाही, आणि सकाळी नऊला निरोप येतो. मी आता पहिल्याच बोलण्यात विचारते. विचारलं म्हणून कुणी रागावलेलं मला आठवत नाही.

पैसे कोण देणार हा प्रश्न मैत्रिणींमुळे उभा राहिला. प्रत्येक जण “माझे मी देते” म्हणते, मग एकीचं यूपीआय चालत नाही, दुसरी स्टेजवर गेलेली असते. त्यापेक्षा घरातल्या एका माणसाच्या नावावर एकच बिल बरं. संख्या मी लग्नाआधी दहा दिवस पक्की करून घेते, कारण तेव्हा सहायकांना शब्द द्यावा लागतो. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू झाले की चांगल्या तारखांना चांगली सहायक मिळणं कठीण असतं आणि त्या दिवशीची तिची मजुरीही वाढते. ऐनवेळी एक जण कमी झाली तरी सहायक आलेलीच असते, त्यामुळे पक्क्या झालेल्या संख्येचे पैसे मी कमी करत नाही. वाढली तर यादीतल्या सगळ्या झाल्यावर, वेळ उरला तरच घेते.

आज मी पाठवते त्या दरपत्रकात नवरी, बाकीच्या जणी, सहायक, प्रवास आणि मुक्काम, पहाटेचा आकार अशा पाच ओळी असतात. एकूण आकडा पूर्वीच्या एका आकड्यापेक्षा मोठा दिसतो, पण घासाघीस कमी होते, कारण काय कमी केलं की किती वाचेल हे घरच्यांना स्वतः बघता येतं. मुहूर्त गोरज असेल तर पहाटेची ओळ पूर्ण जाते. जवळच्या कार्यालयात लग्न असेल तर मुक्कामाची जाते.

लग्न ठरलेल्या घरांना एक विनंती. दर विचारताना ‘किती जणी’ एवढंच कळवू नका. मुहूर्ताची वेळ, पूजेला कोण कोण बसणार, कार्यालयाचा पत्ता आणि पाच वाजता खरोखर उठणाऱ्या दोघींची नावं, एवढं पहिल्याच निरोपात पाठवा.