विलंबाचे मूळ कारण शोधताना : माशाच्या सांगाड्याची आकृती आणि ‘पाच का’

अहवाललेखनात ‘माल उशिरा पोहोचला’ असे वाक्य आपण सहज लिहितो. व्याकरणदृष्ट्या ते निर्दोष आहे. परंतु केव्हा, किती वेळा आणि कशामुळे, यांपैकी कशाचेच उत्तर त्यात नाही. अशा वाक्यापासून मूळ कारणापर्यंत जाण्याच्या दोन पद्धती प्रस्तुत घटकात पाहू. पहिली पद्धत जपानी गुणवत्तातज्ज्ञ काओरू इशिकावा यांच्या नावाने ओळखली जाते. दुसरी टोयोटा कारखान्यात ताइइची ओनो यांनी रूढ केली.

एक कल्पित उदाहरण घेऊ. मलकापूरचा एक घाऊक व्यापारी रविवार वगळता रोज बुलढाण्यातील दुकानांना वह्या-पुस्तके पाठवतो. माल दुपारी दोनपर्यंत पोहोचावा असे ठरले आहे. दुकानदारांची तक्रार आहे की, माल ‘नेहमी’ उशिरा येतो. व्यापारी राजूर घाटाकडे बोट दाखवतो, तर चालक कारकुनाकडे.

प्रथम ‘नेहमी’ हा शब्द दूर करून समस्या मोजून लिहावी. नोंदवही पाहता असे आढळले : ‘दहा आठवड्यांतील ६० फेऱ्यांपैकी १२ फेऱ्यांचा माल दोननंतर पोहोचला, त्यांपैकी ९ फेऱ्या सोमवारच्या होत्या.’ हे विधान कागदाच्या उजव्या टोकाला, माशाच्या डोक्याच्या जागी लिहावे. डोक्यापासून डावीकडे कण्याची आडवी रेघ ओढून तिला तिरके काटे जोडावेत : माणसे, वाहन, माल, कार्यपद्धती, नोंदी आणि परिस्थिती. प्रत्येक काट्यावर संभाव्य कारणे लिहावीत. ‘परिस्थिती’वर घाट येईल, ‘माणसे’वर कारकुनाची दिरंगाई, ‘कार्यपद्धती’वर मागण्यांची नोंदणी.

ही आकृती कारण सिद्ध करत नाही. एकाच संशयावर नजर खिळू नये एवढेच ती साधते. त्यानंतर प्रत्येक काट्याला एक प्रश्न विचारावा : हे कारण खरे असेल, तर विलंब सोमवारीच का आणि मंगळवारी का नाही? घाट तर रोजचाच आहे. कारकूनही तोच आहे. म्हणून ही दोन्ही कारणे मागे पडतात आणि कार्यपद्धतीचा काटा उरतो. त्यावर आता ‘पाच का’ लावू.

१. सोमवारी माल उशिरा का पोहोचतो? गाडी नऊऐवजी बाराला सुटते.
२. गाडी बाराला का सुटते? माल भरायला अकराला सुरुवात होते.
३. भरणे अकराला का सुरू होते? तोपर्यंत चलने तयार नसतात.
४. चलने तयार का नसतात? शनिवार संध्याकाळपासून आलेल्या सर्व मागण्या सोमवारी सकाळी एकदम नोंदवाव्या लागतात.
५. त्या सर्व सोमवारच्याच गाडीत का धरल्या जातात? कोणत्या वेळेपर्यंतची मागणी कोणत्या गाडीत धरावी, असा नियमच नाही. मागणी भ्रमणध्वनीवर रविवारीही येते. नोंदणीला मात्र रविवारी सुट्टी असते.

येथे भाषेकडे लक्ष द्यावे. मराठीतील ‘का’ हेतूही विचारतो आणि कारणही. ‘कारकुनाने चलन का केले नाही?’ या प्रश्नात दोषारोपाचा सूर येतो आणि उत्तरही बचावाचे मिळते. म्हणून मनात ‘कशामुळे’ हा शब्द धरावा. साखळी तयार झाल्यावर ती खालून वर ‘म्हणून’ लावून वाचावी : नियम नाही, म्हणून सर्व मागण्या एकाच गाडीत येतात; म्हणून चलने लांबतात; म्हणून भरणे लांबते. जेथे ‘म्हणून’ अडखळतो, तेथे एखादा दुवा गळलेला असतो किंवा तो केवळ अंदाज असतो. प्रत्येक दुव्याला नोंदवहीचा किंवा प्रत्यक्ष पाहणीचा आधार हवा.

पाच हा आकडा सक्तीचा नाही. जे बदलणे आपल्या हाती आहे आणि जे बदलल्यास विलंब थांबेल, अशा कारणापाशी थांबावे. येथे उपाय सरळ आहे : शनिवारी चारपर्यंतच्या मागण्या सोमवारच्या गाडीत, त्यानंतरच्या मंगळवारच्या, आणि दुकानदारांना तसे आधीच कळवणे. पुढील चार सोमवारी गाडी सुटण्याची व माल पोहोचण्याची वेळ नोंदवावी. गाडी नऊला सुटूनही माल उशिरा पोहोचला, तर साखळीचा पहिलाच दुवा चुकला असे समजावे.

उरलेल्या तीन फेऱ्यांचे काय? नोंदवहीनुसार एकदा घाटात वाहतूक खोळंबली होती, तर दोनदा गोदामात मालच नव्हता. त्यांचे कारण वेगळे आहे आणि साखळीही वेगळी होईल. सर्व विलंब एकाच कारणात कोंबणे ही या पद्धतीच्या वापरातील नेहमीची चूक होय.

स्वाध्याय : ‘गोदामात माल नव्हता’ या विधानापासून ‘कशामुळे’ची साखळी लिहा आणि ती ‘म्हणून’ लावून उलट वाचून तपासा.