एक इंची सेन्सर एक इंचाचा नसतो

मोबाइलच्या माहितीपत्रकात मुख्य कॅमेऱ्यापुढे ‘१/१.५६ इंच’ किंवा ‘१/१.३३ इंच’ असा आकडा असतो. छेद जितका लहान, तितका सेन्सर मोठा, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. पण इंचाचे २५.४ मिलिमीटर घेऊन १.५६ ने भागायला गेलात, तर येणारं माप सेन्सरवर कुठेच सापडणार नाही.

ही पद्धत जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांच्या काळातली आहे. त्यांत काचेची नळी असे आणि माप सांगितलं जाई ते नळीच्या बाहेरच्या व्यासाचं. चित्र उमटायचं ते मात्र आतल्या लहान आयतावर, ज्याचा कर्ण व्यासाच्या साधारण दोन-तृतीयांश असे. नळ्या गेल्या, मापं राहिली. म्हणून ‘एक इंची’ सेन्सरचा कर्ण २५ नव्हे, १६ मिलिमीटरच्या आसपास असतो. अर्ध्या इंचाहून लहान सेन्सरसाठी मात्र १६ ऐवजी १८ धरतात.

आता हिशेब करू. १६ ला १.५६ ने भागलं की कर्ण येतो १०.२६ मिमी. फोनचे सेन्सर बहुधा ४:३ प्रमाणाचे असतात, तेव्हा रुंदी कर्णाच्या ०.८ पट आणि उंची ०.६ पट. क्षेत्रफळ झालं साधारण ५० चौरस मिमी. १/१.३३ चं याच रीतीने सुमारे ६९ येतं. नुसते छेद पाहून फरक सतरा टक्क्यांचा वाटतो. क्षेत्रफळात तो सदतीस टक्क्यांच्या पुढे जातो. प्रकाश क्षेत्रफळावर पडतो, कर्णावर नाही, म्हणून तुलना क्षेत्रफळाचीच करावी.

तरीही निकाल लगेच लावू नये. समजा, पहिल्या फोनचं अ‍ॅपर्चर एफ/१.९ आहे आणि दुसऱ्याचं एफ/२.२. क्षेत्रफळाला एफच्या आकड्याच्या वर्गाने भागा: पहिल्याचं उत्तर १४.०, दुसऱ्याचं १४.३. म्हणजे तितक्याच वेळात दोन्ही सेन्सरांवर पडणारा एकूण प्रकाश जवळपास सारखाच, कारण मोठ्या सेन्सरची सगळी आघाडी अरुंद अ‍ॅपर्चरने खाल्ली. माझ्या मते जाहिरातीतल्या मेगापिक्सेलपेक्षा ही दोन ओळींची आकडेमोड जास्त सांगून जाते. फक्त मुख्य कॅमेऱ्याची तुलना मुख्य कॅमेऱ्याशीच करा; त्याच फोनमधल्या टेलिफोटोचा सेन्सर बहुतेकदा बराच लहान असतो.

आणखी एक तपासायचं: सेन्सर पूर्ण वापरला जातो का? सोनीच्या २०२१ मधल्या एक्सपीरिया प्रो-आय फोनात खरोखरच एक इंची सेन्सर होता, क्षेत्रफळ सुमारे ११६ चौरस मिमी. पण २० मेगापिक्सेलपैकी मधल्या १२ मेगापिक्सेलच्या भागावरच फोटो निघत असे. ११६ चे साठ टक्के म्हणजे ७० चौरस मिमी, अर्थात आपल्या हिशेबातल्या १/१.३३ इंची सेन्सरएवढंच.